दिवसभर स्क्रीन आणि संध्याकाळची चुरचुर: डोळ्यांची तपासणी आणि त्यानंतर

सकाळी डोळे ठीक असतात, दुपारनंतर जड होतात आणि सहाच्या सुमारास कचरा गेल्यासारखे खुपायला लागतात. माझ्या डोळ्यांचा हा रोजचा क्रम होता. हिंजवडी-बाणेरकडच्या ऑफिसांत बसणाऱ्या बऱ्याच जणांना तो ओळखीचा वाटेल. तपासणीत काय झालं आणि त्यावरून घरात आणि ऑफिसात काय बदललं, ते इथे लिहितो आहे.

डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारलं, "धूसर दिसतं तेव्हा दोन-तीनदा नीट पापण्या मिटल्या तर अक्षरं स्वच्छ होतात का?" होत असतील, तर दोष बहुधा अश्रूंच्या थरात असतो. पापण्या मिटूनही धूसरपणा तसाच राहत असेल, तर चष्म्याचा नंबर किंवा दुसरं काही शोधावं लागतं. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते आणि डॉक्टरांना सांगायला ती फार उपयोगी पडते.

पुढची तपासणी दोन कागदी पट्ट्यांवर झाली. पहिल्या पट्टीवरचा नारिंगी रंग डोळ्याला लावला आणि निळ्या उजेडात पाहिलं. पापणी उघडी ठेवल्यावर रंगाचा थर किती सेकंदांत फाटतो, ते यात मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला, तर थर टिकत नाही असं धरतात. माझा चार सेकंदांत फाटला. दुसरी पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवून ती किती भिजते ते पाहिलं. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर पाणीच कमी तयार होतंय असा संशय घेतात. माझी चौदा भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं, पण ते उडून जात होतं.

त्याचं कारण पापण्यांच्या कडेला होतं. तिथे बारीक तेलग्रंथी असतात. प्रत्येक उघडझापीत त्यांच्यातून थोडं तेल येऊन अश्रूंवर पसरतं आणि पाणी उडू देत नाही. डॉक्टरांनी कडेवर हलकं दाबल्यावर पातळ, पारदर्शक तेल यायला हवं होतं. आलं ते टूथपेस्टसारखं घट्ट. शिवाय बुबुळाच्या खालच्या भागात रंगाचे बारीक ठिपके आडवे पसरलेले दिसले. पापणी खालपर्यंत न पोचता अर्ध्यातून परत फिरते, तेव्हा तेवढा पट्टा उघडा पडून कोरडा होतो.

स्क्रीनचा खरा त्रास इथेच आहे. गप्पा मारताना आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर एकाग्र झालो की तो आकडा निम्म्याहून खाली येतो आणि राहिलेल्यांतल्याही बऱ्याच अर्ध्याच असतात. अर्ध्या मिटण्याने तेल नीट बाहेर पडत नाही, मग ते ग्रंथीतच घट्ट होत जातं. स्वतःचं पाहायचं असेल तर फोन मॉनिटरशेजारी टेकवून काम करताना दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि हळू गतीने बघा. पापणी मिटल्यावरही खाली डोळ्याची फट दिसत राहिली, तर ती अर्धी उघडझाप.

सवय बदलायला सांगितलेला व्यायाम सोपा आहे. डोळे हलके मिटायचे, दोन सेकंद तसेच ठेवायचे, उघडायचे. असं दहा वेळा. वीसेक मिनिटांनी एकदा, लांब पाहण्यासाठी मान वर करतो त्याच वेळी करायचं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. तिथे स्नायू ओढला गेला, तर तुम्ही डोळे आवळताय. मिटताना जोर नको.

घट्ट तेलासाठी शेक. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून, मनगटाला सोसवेल इतकाच गरम, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचा. तो मिनिटा-दोन मिनिटांत निवतो, म्हणून पाण्याचं भांडं जवळ हवं. निवलेला रुमाल तसाच ठेवला तर तेल पातळ होतच नाही. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकेच चोळायची.

ड्रॉप्स कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्केचे मिळाले, दिवसातून चार वेळा. खुपायला लागल्यावर घालण्यापेक्षा आधी घातलेले बरे: कामाला बसताना, दुपारी जेवणाआधी, चारच्या सुमारास आणि रात्री. एक टक्क्याचे किंवा जेल घट्ट असतात आणि थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून ते झोपताना. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा. दुसरा गालावरच येतो, कारण डोळ्यात तेवढी जागाच नसते. नंतर डोळा मिनिटभर मिटून ठेवायचा. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची आणि एक महिन्यानंतर, किंवा खोक्यावर कमी मुदत असेल तर त्या मुदतीत, उरलेलं टाकून द्यायचं. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेले ड्रॉप्स वरचेवर घातले तर त्यानेच चुरचुर वाढते. चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत.

मेडिकलमधून लाली घालवणारे ड्रॉप्स स्वतःहून आणू नका. ते शिरा आकसवतात, कोरडेपणा तसाच राहतो आणि असर उतरल्यावर लाली आणखी वाढू शकते. स्टिरॉइडचे ड्रॉप्स तर डॉक्टरांशिवाय अजिबात नकोत. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

बसण्याच्या जागेत सर्वांत जास्त फरक वाऱ्याने पडला. एसीचा झोत किंवा टेबलफॅन चेहऱ्यावर नको. पुण्यात फेब्रुवारीपासून हवा कोरडी होत जाते, त्यात डोक्यावरचा पंखा पूर्ण गतीत असला की ड्रॉप्स पुरत नाहीत. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली हवी. मॉनिटर उंच स्टँडवर असेल तर डोळे जास्त उघडतात आणि पाणी जास्त उडतं, म्हणून त्याची वरची कड नजरेच्या थोडी खाली आणि अंतर ५० ते ७० सेंटिमीटर ठेवावं. मॉनिटर बंद करून त्यात पाहा. खिडकी किंवा ट्यूब दिसली तर टेबल फिरवून उजेड बाजूने घ्या. चकाकीमुळे आपण डोळे बारीक करतो आणि उघडझाप आणखी घटते. ब्राइटनेससाठी टेबलावर पांढरा कागद ठेवून स्क्रीनवरचं पांढरं पान त्याच्याशी जुळवावं. निळा उजेड अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मी देणार नाही.

नंबर तपासायचा असेल तर सकाळी जावं. थर फाटलेला असताना संध्याकाळी घेतलेला नंबर डळमळीत येऊ शकतो. अर्धा नंबर सिलिंडर राहून गेला तरी दिवसभरात थकवा येतो. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून हनुवटी वर करून वाचावं लागत असेल, तर मॉनिटरचं अंतर मोजून न्या आणि तेवढ्यासाठी वेगळा चष्मा मागा. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब आणि मधुमेह असल्यास दरवर्षी पडदाही तपासून घ्यावा. त्यासाठी चष्म्याच्या दुकानातलं मशीन पुरत नाही, नेत्रतज्ज्ञ लागतात.

एकच डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर अचानक कमी झाली, दिव्यांभोवती वलयं दिसून डोकं दुखतंय किंवा उलट्या होतायत, तर ड्रॉप्स घालत घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी दुखायला लागताच लेन्स काढावी आणि ती सोबत न्यावी. चार-सहा आठवडे शेक, ड्रॉप्स आणि उघडझाप नियमित करूनही खुपणं तसंच असेल, तर पुन्हा जा. तोंडही कोरडं पडतंय का, सांधे दुखतात का, अॅलर्जीच्या किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, हे न विचारताही सांगा. त्यावरून पुढच्या तपासण्या बदलतात.