आमची वाटचाल : पातेल्याच्या पहिल्या दोन ओळी

आम्ही पुण्यात तांब्या-पितळेची भांडी विकतो. दुकान नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणि आणखी दोन-तीन कारागिरांकडून माल घेतो, घरामागच्या खोलीत तपासतो, पॅक करतो आणि पाठवतो. हे पॅकिंग आणि हिशेब बघतात, फोटो आणि मजकूर माझ्याकडे. पहिलं वर्षभर आमचा मजकूर फार वाईट होता, आणि तो छान आहे असं मला वाटत होतं.

2 लिटरच्या पितळी पातेल्याचं पान तेव्हा असं सुरू व्हायचं : ‘आजीच्या स्वयंपाकघरातली ती ऊब, चुलीवरच्या भाताचा तो दरवळ…’ मोबाइलवर फोटोखाली दोन-तीन ओळी दिसतात, मग ‘आणखी वाचा’ येतं. म्हणजे माणसाला दिसायचा फक्त दरवळ. आणि व्हॉट्सॲपवर दिवसभर तेच प्रश्न : वजन किती, आत कल्हई आहे का, शनिवारपर्यंत मिळेल का, शेवटचा भाव काय. मी वैतागायचे, की सगळं खाली लिहिलंय, लोक वाचत का नाहीत? शेवटी हेच म्हणाले, “अगं, तू ज्यांच्यासाठी लिहिलंयस ते लोक आपल्याकडे येतच नाहीत. जे येतात ते काय विचारतात ते तरी लिहून ठेव.”

मग दोन महिने मी एक शंभर पानी वही ठेवली. तीन रकाने : भेट, भाव, माप. प्रत्येक माणसाचा पहिला प्रश्न त्या त्या रकान्यात. दुसरा-तिसरा प्रश्न नाही, पहिलाच. कारण बोलणं वाढलं की सगळेच सगळं विचारतात. आधी सुचतं ते खरं.

भाववाले सर्वांत लवकर ओळखू येतात. ‘लास्ट प्राइस?’, ‘चार घेतली तर?’, ‘डिलिव्हरी फ्री ना?’ किंवा नुसताच दुसरीकडच्या पातेल्याचा स्क्रीनशॉट. मापवाल्यांचे प्रश्न आकड्यांचे : बुडाचा व्यास, गेज, 2 लिटर म्हणजे काठोकाठ की वापरायचं, इंडक्शनवर चालेल का, कल्हई शुद्ध कथलाची का. भेटवाला मात्र भांड्याबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाही. तो तारीख विचारतो, डबा कसा आहे ते विचारतो, ‘नाव घालून मिळेल का’ विचारतो. पत्ता त्याचा स्वतःचा नसतो, आणि हमखास खूण म्हणजे ‘बिल आत टाकू नका हं’.

एका महिन्यात माझी वही चुकली ती एका काकूंमुळे. साताऱ्याच्या. मुलीला आंदण द्यायला तीन पातेली हवी होती. लग्न, आंदण, म्हणजे भेट, असं म्हणून मी डब्याचा आणि रिबिनीचा फोटो पाठवला. काकूंचं उत्तर : “डबा राहू दे गं बाई. बुड किती जाड आहे? भात लागतो का तळाला? कल्हई किती दिवस टिकते?” प्रसंग भेटीचा, पण प्रश्न अगदी मापवाल्याचे. दुसऱ्याच दिवशी एका ऑफिसातल्या मुलाने सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला तेच पातेलं मागवलं, आणि आत कल्हई असते हेही त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी प्रसंग विचारणं सोडलं. पैसे देणाऱ्याने अशा भांड्यात कधी स्वयंपाक केलाय का, एवढंच बघते. केला असेल तर तो माप बघणार, मग तो लेकीला देवो नाहीतर स्वतःला घेवो.

आता प्रश्न होता पहिल्या ओळी कुणाला द्यायच्या. माझं पहिलं उत्तर चुकलं. वहीत भाववाल्यांचा गोंगाट मोठा होता, म्हणून मी लिहिलं : ‘थेट कारागिराकडून, मधला दलाल नाही, वाजवी भाव.’ फोन आणखी वाढले आणि सगळे घासाघीस करायचे. वाजवी म्हटलं की माणूस विचारणारच, कशाच्या मानाने वाजवी? त्याचं उत्तर त्या ओळीत नव्हतं.

ते सापडलं एका स्क्रीनशॉटमध्ये. आमचं पातेलं 1,450 रुपयांना, समोरच्या फोटोतलं 799 ला. फोटोत दोन्ही सारखीच पिवळीधमक. एक दादा फारच तावातावाने बोलत होते, म्हणून मी त्यांना तिथलं वजन शोधायला लावलं. अगदी खाली, तक्त्यात होतं : 500 ग्रॅम. आमचं 1 किलो 100 ग्रॅम. मी म्हटलं, दादा, तुम्हीच भागाकार करा. आमचं किलोला साधारण 1,320 पडतं, ते किलोला जवळजवळ 1,600. बराच वेळ काही उत्तर नाही. मग एकच शब्द आला : ‘पाठवा.’

यात आमची काही हुशारी नाही. पेठेतल्या भांड्याच्या दुकानात आजही तागडीत भांडं घालून किलोवर भाव होतो. भाववाल्या माणसाच्या डोक्यात तो हिशेब आधीपासून असतो. फोटोत वजन दिसत नाही, म्हणून तो नुसती किंमत किमतीशी ताडून बघतो. दोन्ही पातेल्यांचा व्यास 18 सेंटीमीटर आणि उंची 9. फरक सगळा पत्र्याच्या जाडीत : आमचं 16 गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, त्या वजनाचं पातेलं 22 गेजच्या आसपासचं, म्हणजे साधारण 0.7. गेजमध्ये आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बहुतेकांना उलटंच वाटतं. ‘तुमचं फक्त 16 का, तिकडे 22 मिळतंय’ असं मला कितीदा तरी विचारलं गेलंय. म्हणून गेज पहिल्या ओळीत टाकायचा नाही. मिलिमीटर आणि किलो टाकायचे, ते कुणालाही कळतात.

तर नवी पहिली ओळ अशी झाली : ‘वजन 1 किलो 100 ग्रॅम, पत्रा 1.6 मिमी. काठोकाठ 2.3 लिटर, स्वयंपाकाला 1.8.’ रुक्ष आहे, मान्य. माझ्या नणंदेने वाचून विचारलं, हे पातेलं आहे की पाण्याची टाकी? पण या एका ओळीत मापवाले आणि भाववाले दोघंही बसले. मापवाल्याला आकडा हवा होता तो मिळाला, भाववाल्याला भागाकाराला भाजक मिळाला. ‘2 लिटर म्हणून घेतलं आणि ऊतू गेलं’ ही तक्रारही बंद झाली, कारण काठोकाठचं आणि वापरायचं माप आता वेगवेगळं लिहिलेलं होतं.

भेटवाले मात्र या ओळीने बिथरले असणार, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ते वाचतच नव्हते. फोटो बघायचे, मागवायचे. आणि तिथेच आम्ही आपटलो. त्या वास्तुशांतीच्या मुलाने पाठवलेलं पातेलं दहा दिवसांनी परत आलं. नव्या घरात फक्त इंडक्शन शेगडी होती. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे घरगुती इंडक्शनवर ते तापतच नाही. ही माहिती आमच्या पानावर होती, सोळाव्या ओळीत. शिवाय यजमानीणबाईंचा निरोप होता, की आतून भांडं पांढरट आहे, पितळ नसावं, ॲल्युमिनियम वाटतंय. ती कल्हई होती. नव्या कल्हईवर कापसाच्या बोळ्याचे फराटेसुद्धा दिसतात; जाणकाराला ती हाताने केल्याची खूण, नवख्याला ते डाग. येण्याजाण्याचं भाडं आमच्या अंगावर, आणि त्या मुलाची चारचौघांत शोभा झाली ती वेगळीच.

तोपर्यंत मी समजत होते, की जो जास्त प्रश्न विचारतो त्याच्यासाठी वर लिहावं. पण मापवाला काहीही झालं तरी खाली जाऊन तक्ता शोधतो. त्याच्यासाठी सगळं वर आणायची गरज नाही. जो विचारत नाही आणि ज्याच्या चुकीची किंमत तिसऱ्याच माणसाच्या घरात मोजली जाते, त्याला वरच्या ओळीत अडवावं लागतं. मग मी वजनाची ओळ तशीच ठेवली, लिटरचं माप तिसऱ्या ओळीत नेलं आणि दुसरी ओळ भेटवाल्याला दिली :

‘वजन 1 किलो 100 ग्रॅम, पत्रा 1.6 मिमी.
भेट देताय? त्यांच्याकडे गॅस आहे ना बघा, इंडक्शनवर चालत नाही. आतला पांढरा थर म्हणजे कल्हई.’

‘भेट देताय?’ हे शब्द मुद्दाम आधी. मापवाल्याची नजर त्यावरून घसरते, भेटवाल्याची तिथे थांबते. कल्हई कथलाची असते, कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामं भांडं तापवायचं नाही, हे सगळं एका छापील चिठ्ठीवर घातलं आणि चिठ्ठी बिलाऐवजी आत टाकायला लागलो. ती ज्याच्या हातात भांडं पडतं त्याच्यासाठी आहे. तो आमचं पान कधीच बघत नाही.

तांब्या-भांड्याच्या पानावर हे सगळं उलटं. तिथे मठाराचं काम असतं, हातोडीच्या ठोक्यांचे चट्टे उजेडात चमकतात, आणि घेणारे बहुतेक साठी-पंचाहत्तरीला, मुंजीला नाहीतर परगावच्या नातेवाइकांना द्यायला घेतात. त्या पानाची पहिली ओळ तारखेची : ‘नाव घालून हवं असेल तर एक दिवस जास्त धरा, नाव घातलेलं भांडं परत घेता येत नाही.’ वजन पाचव्या ओळीत आहे आणि क्वचितच कुणी विचारतं. धनत्रयोदशीच्या आधीचे दोन आठवडे मात्र तिथेही वजन वर येतं. त्या दिवशी धातूचं काहीतरी घ्यायचंच म्हणून येणारा माणूस स्वतःसाठी घेतो आणि भाव करतो. भाऊबीज झाली की मी ओळी पुन्हा खालीवर करते. पाच मिनिटांचं काम, पण एका वर्षी विसरले, तर कार्तिकातही लोक किलोचा भाव विचारत होते.

सध्या अडलंय ते घंगाळाचं पान. आंघोळीचं पाणी काढायला आता कोण घंगाळ घेतो? तरी महिन्याला चार-पाच जातात. वही पुन्हा काढली. पहिला प्रश्न ‘बुडाला भोक पाडून मिळेल का?’ झाडं लावायची असतात. दुसऱ्या बाईंना त्यात पाणी भरून फुलं तरंगवायची होती, आणि कडी वाजते का असं विचारणारे एक गृहस्थही होते. यांना कुठल्या रकान्यात घालू? भोकाबद्दल मामांना, म्हणजे आमच्या कारागिराला विचारलं, तर त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.