आई विचारते, वजन किती उतरलं?

(अकरावीच्या फिजिक्ससाठी लिहिलेली कल्पित रोजनिशी. सरांच्या अटी दोनच: जमेल तिथे हिशेब मांडायचा, आणि ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं’ असं कुठे लिहिलं तर पाच मार्क कट. स्प्रिंग, माझं वजन आणि पान्याचं मोजमाप हे आकडे मी मानलेले आहेत.)

सोमवार

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचून काही तास झालेत. नाक चोंदलंय, डोकं जड आहे. जमिनीवर पायाकडे ओढलं जाणारं रक्त-पाणी इथे वर छाती-डोक्याकडे सरकतं, त्यामुळे तोंड सुजतं आणि पाय काटकुळे दिसतात. मघाशी कमांडर उलटा लटकून माझ्याशी बोलायला लागला आणि पोटात ढवळून आलं. त्या गडबडीत खिशातलं पेन निसटलं. खाली पडलं असेल म्हणून खाली बघितलं. खाली कुठे असतं इथे!

इथलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. दुपारी साडेचारला घरी फोन लागला तेव्हा साताऱ्यात रात्रीचे दहा वाजले होते.

"अगं, तोंड केवढं सुजलंय तुझं! आणि वजन किती उतरलं?"

"आई, इथे वजन शून्य असतं."

"शून्य कसं असेल? तू आहेस ना तिथे?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला आठवडा लागणार असं दिसतंय.

मंगळवार

आज आईसाठी हिशेब मांडला. आम्ही जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर आहोत. पृथ्वीची त्रिज्या ६३७१, म्हणजे केंद्रापासून ६७७१ किलोमीटर. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होते, म्हणून ९.८१ ला (६३७१/६७७१)² ने गुणलं. उत्तर ८.६९. म्हणजे साताऱ्यात पृथ्वी मला जेवढी ओढते त्याच्या ८८-८९ टक्के ओढ इथेही आहे. मग मी तरंगते कशी?

तरंगत नाहीये, पडतेय. एका सेकंदात ½ × ८.६९ = ४.३४ मीटर पडते, साधारण दीड मजला. पण त्याच सेकंदात स्थानक ७.६६ किलोमीटर पुढे जातं. तेवढ्या अंतरात आमच्या वर्तुळाची वाट सरळ रेषेपासून किती खाली वळते ते काढलं: ७.६६² भागिले (२ × ६७७१). उत्तर ०.००४३३ किलोमीटर, म्हणजे ४.३३ मीटर! जेवढं पडायचं तेवढीच वाट खाली वळलेली. म्हणून पडणं चालूच राहतं आणि आपटणं काही येत नाही. मी, स्थानक, हरवलेलं पेन, सगळे एकाच वेगाने पडतोय. वजनकाटाही माझ्याबरोबर पडतोय, मग मी त्याला दाबणार कशी?

बुधवार

सामानाच्या पिशव्या एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायच्या होत्या. एकीवर चिठ्ठी होती: ६० किलो. एका बोटाने ढकलली, हळूहळू निघाली. मजा वाटली म्हणून आणखी एक ढकल दिली. पलीकडच्या भिंतीशी थांबवायला गेले, तर डाव्या हाताचं मधलं बोट पिशवी आणि कठड्याच्या दांडीत सापडलं. नख काळंनिळं झालंय.

वजन नव्हतं, पण ६० किलो जिथल्या तिथे होते. उचलायला ताकद लागत नाही, थांबवायला मात्र लागतेच. इथले मुरलेले लोक पिशवी मुंगीच्या पावलांनी नेतात. का, ते आता बोटाला कळलं.

गुरुवार

आज माझं ‘वजन’ झालं. रशियन ज्वेझ्दा विभागात यासाठी स्प्रिंगवर हलणारं एक उपकरण आहे. त्याला पोटाशी कवटाळायचं, हातपाय आखडून घ्यायचे आणि सोडून द्यायचं. मग माणूस वरखाली झुलतो. ओढ मोजायची नाही, हेलकावा मोजायचा. जड माणूस सावकाश झुलतो, हलका भराभर. m = kT²/4π², बारावीचं सूत्र.

स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला ६०० न्यूटन धरला. (झुलणाऱ्या भागाचं स्वतःचं वस्तुमान वजा करावं लागतं, ते इथे सोडून दिलंय.) पहिल्यांदा एका हेलकाव्याला २.१६ सेकंद लागले, वस्तुमान आलं ७०.९ किलो. निघताना मी ६८.५ होते. चार दिवस धड जेवले नाही आणि अडीच किलो वाढले?

कमांडर हसला. माझे पाय सैल सुटले होते. अंग एकसंध नसलं की पाय मागे राहतात, पोट वेगळं हलतं आणि हेलकावा बिघडतो. वेळेचा वर्ग घेतला जातो, म्हणून दोन शतांश सेकंद इकडेतिकडे झाले तरी सव्वा किलोचा फरक पडतो. गुडघे छातीशी घट्ट धरून, श्वास रोखून पुन्हा केलं: २.११, २.१०, २.०९. सरासरी २.१० सेकंद, म्हणजे ६७ किलो. तिन्ही आकडे जवळजवळ आले तेव्हा विश्वास बसला. कमी झालेलं दीड किलो बहुतेक पाणीच. वर सरकलेलं पाणी जास्त झालं असं शरीराला वाटतं आणि ते बाहेर टाकतं.

शुक्रवार

जेवणात टॉर्टिया. पावाचा चुरा हवेत उडतो म्हणून पाव आणत नाहीत. आईला दाखवला. "पोळीच की ती, जरा जाड लाटलीय," म्हणाली.

शनिवार

आज स्थानकाला वर ढकलायचं होतं. एवढ्या उंचीवरही विरळ हवा आहे. तिच्या घर्षणाने स्थानक महिन्याला दोनेक किलोमीटर खाली येतं, म्हणून अधूनमधून इंजिनं लावून ते वर न्यावं लागतं.

मला हे ढकलणं मोजायचं होतं. आधी टोपण हवेत सोडलं, पण ते पंख्याच्या झुळकीने भलतीकडेच गेलं. मग लोखंडी पाना घेतला. त्याला वारा सहज हलवत नाही. इंजिनं सुरू झाल्यावर पाना अलगद सोडला. तो मागच्या भिंतीकडे निघाला, अगदी कोणी दोऱ्याने ओढावं तसा. खरं तर त्याला कोणीच ओढत नव्हतं, स्थानकच त्याला सोडून पुढे निघालं होतं. २० सेकंदांत पाना ५० सेंटिमीटर मागे गेला. २ × ०.५ भागिले ४०० केलं: त्वरण ०.००२५. स्थानकाचं वस्तुमान सुमारे ४ लाख २० हजार किलो, म्हणजे जोर झाला सुमारे १०५० न्यूटन. साताऱ्यात शंभर किलोचं धान्याचं पोतं उचलायला लागतो जेमतेम तेवढा! एवढ्याशा जोरावर फुटबॉलच्या मैदानाएवढं धूड हलतंय. सात मिनिटं असंच चाललं तर वेग सेकंदाला एक मीटरने वाढतो आणि कक्षा पावणेदोन किलोमीटर वर जाते.

रविवार

आवराआवर. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर गेले तेव्हा त्यांचा सगळा प्रवास मिळून आठ दिवसांच्या आतबाहेरच होता. माझाही तेवढाच. अंग आत्ता कुठे सरावलंय.

सोमवारचं पेन सापडलं. हवा आत ओढणाऱ्या जाळीवर चिकटून बसलं होतं, शेजारी कोणाचा तरी चमचा आणि एक स्क्रू. इथे काही हरवलं की आधी जाळी बघायची, हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं नाही.

आईला फोन केला. "दीड किलो उतरलं," म्हटलं.

"मग परवा शून्य काय सांगत होतीस?"