तुम्ही विचारलंत म्हणून: x च्या जागी x²

“सर, e^x च्या सिरीजमध्ये x च्या जागी x² टाकलं की झालं? मग मॅक्लॉरिन कुठं राहिला? ही पळवाटच की!”

नाही, पळवाट नाही. लातूरच्या शिकवणीत हे इतक्यांदा सांगून झालंय की आता लिहूनच ठेवतो.

e^u = 1 + u + u²/2! + u³/3! + … हे u च्या कोणत्याही किमतीला खरं आहे. x² ही सुद्धा एक किंमतच. म्हणून e^(x²) = 1 + x² + x⁴/2 + x⁶/6 + x⁸/24 + … हे प्रत्येक x ला खरं ठरतं. आता हीच मॅक्लॉरिन सिरीज कशावरून? शून्याभोवती एखादं फलन x च्या घातांच्या सिरीजइतकं असेल, तर ती सिरीज एकच असते. तिचे डेरिव्हेटिव्ह काढत जा आणि x = 0 ठेवा, n व्या घाताचा सहगुणक f⁽ⁿ⁾(0)/n! च निघतो. वाट कुठलीही धरा, दुसरी सिरीज मिळणारच नाही.

हे मी एवढं तावातावानं का सांगतो, त्याला कारण आहे. औसा तालुक्यातली एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. पेपरात e^(x²) चं 0 ते 1 इंटिग्रेशन सिरीजनं काढायला आलं होतं. या फलनाचं इंटिग्रल नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही, तेव्हा सिरीज हाच सरळ मार्ग. तिनं x² टाकला, एकेक टर्म इंटिग्रेट केली: 1 + 1/3 + 1/10 + 1/42 + 1/216, म्हणजे 1.46177. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती वडिलांसोबत आली. सिरीजच्या ओळीवर लाल रेघ आणि शेरा, ‘डेरिव्हेटिव्ह काढले नाहीत’. निम्मे मार्क गेले होते.

वडील म्हणाले, “सर, उत्तर तर जुळतंय म्हणते लेकरू. मग चुकलं काय?”

मी त्यांच्यासमोरच डेरिव्हेटिव्ह काढायला बसलो. पहिला 2x·e^(x²). दुसरा (2 + 4x²)e^(x²), शून्यापाशी 2, त्याला 2! नं भागलं की x² चा सहगुणक 1. तिसरा शून्यापाशी शून्य. चौथा (12 + 48x² + 16x⁴)e^(x²), शून्यापाशी 12, भागिले 24, म्हणजे 1/2. तिनं एका ओळीत लिहिलेलं तेच मला पान भरून मिळालं, आणि मी अजून x⁴ पर्यंतच पोचलो होतो. फेरतपासणीला अर्ज केला. मार्क वाढले नाहीत. त्या वेळचा वडिलांचा चेहरा आठवला की मला आजही चीड येते.

पण खरं सांगायचं तर त्या झेरॉक्सवर दुसरी एक गोष्ट होती, आणि ती मला जास्त खुपते. शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘चूक पुढच्या टर्मपेक्षा, म्हणजे 1/1320 पेक्षा, कमी’. त्यावर बरोबरची खूण! हा नियम e^(−x²) ला चालतो, कारण तिथं चिन्हं आलटून-पालटून येतात आणि टर्म लहान होत जातात. इथं सगळ्या टर्म धन आहेत. पुढची टर्म 0.00076 आहे, आणि तिच्या मागं आणखी अनंत टर्म त्यात भरच घालतात. खरं उत्तर 1.46265, म्हणजे चूक 0.00088, पुढच्या टर्मपेक्षा मोठी. मर्यादा अशी काढायची: 1/1320 नंतरची प्रत्येक टर्म आधीच्या टर्मच्या एक षष्ठांशाहून लहान आहे, म्हणून उरलेली सगळी बेरीज 1/1320 × 6/5 पेक्षा, म्हणजे 0.00091 पेक्षा, कमी. खऱ्या चुकीच्या किती जवळ येतं बघा. बरोबर ओळ कापली गेली आणि चुकीची ओळ पास झाली.

तरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणायचा, आधी डेरिव्हेटिव्हच काढायला लावा, नाहीतर पोरं e^(cos x) मध्येही डोळे झाकून cos x टाकतील. आणि टाकतातच. x = 0 ला x² शून्य होतो, म्हणून x⁴ पर्यंत हवं असेल तर तीन टर्म पुरतात. cos x मात्र 1 होतो, त्यामुळे u ची प्रत्येक टर्म स्थिर पदातही भर घालते. 1 + 1 + 1/2 + 1/6 वर थांबलात तर 2.667 मिळतं, हवं असतं e, म्हणजे 2.718. तिथं आधी e बाहेर काढून e·e^(cos x − 1) असं लिहावं लागतं आणि u = cos x − 1 घ्यावा लागतो.

मी त्याला म्हणतो, मग टाकण्याआधी शून्यापाशी u किती होतो ते तपासायला शिकव, पानभर डेरिव्हेटिव्ह कशाला? तो म्हणतो, ज्यानं एकदाही ते पान भरलं नाही, त्याला हे तपासायचं सुचेल का? यावर माझ्याकडं अजून पक्कं उत्तर नाही. पण तिचे मार्क जायला नको होते.