आमची वाटचाल : पेट्रोल इंजिनाचा टेस्ट बेंच

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवातीला पंप आणि जनित्रांची दुरुस्ती करत असू. एका तंत्रनिकेतनाने लहान चार-स्ट्रोक इंजिनासाठी टेस्ट बेंच मागितला, तेव्हा काम सोपे वाटले. इंजिनाला ड्रम जोडायचा, त्यावर दोर गुंडाळायचा, दोराच्या एका टोकाला वजने लावून दुसरे टोक स्प्रिंग बॅलन्सला बांधायचे, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारा रोप ब्रेक तयार झाला.

पहिली चूक गणिताची होती. ३०० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमची त्रिज्या १५० धरून आम्ही मोकळे झालो. दोर २० मिलिमीटर जाडीचा होता आणि ओढ त्याच्या मध्यरेषेवर येते, म्हणून परिणामी त्रिज्या १६० धरायला हवी होती. वजने ५ किलो, बॅलन्सवर १ किलो, म्हणजे निव्वळ भार ४ किलो. मिनिटाला ३००० फेऱ्यांना ब्रेक पॉवर १.९७ किलोवॅट येते, ती आम्ही १.८५ दाखवत होतो.

खरा त्रास इंधनाच्या मापात झाला. टाकीचा कॉक बंद करून इंजिन काचेच्या ब्यूरेटवर चालवायचे आणि १० घनसेंटिमीटर पेट्रोल संपायला लागलेला वेळ घड्याळावर मोजायचा, अशी ही रीत आहे. मे महिन्यात एकाच भाराला ३१, २७ आणि ३४ सेकंद आले. मुलांच्या हाताला दोष देऊन आम्ही दोन दिवस घालवले. अखेर ब्यूरेटकडे टक लावून बसल्यावर दिसले, की पातळी उतरता उतरता मध्येच थबकते आणि नळीतून बुडबुडा वर येतो. पेट्रोलची नळी सायलेन्सरजवळून गेली होती आणि आतल्या आत त्याची वाफ होत होती. आकडे चुकत होते हे त्यातले कमी गंभीर. तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट्रोलने भरलेली काच टांगलेली होती, ही गोष्ट आजही आठवली की अंगावर काटा येतो.

तेव्हापासून ब्यूरेट फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये पत्र्याचा पडदा घालून बसवतो. नळीतली हवा काढून घेतलेले आकडे आता ३१ सेकंदांच्या आसपासच राहतात. घनता ०.७४ धरली, तर तासाला सुमारे ८६० ग्रॅम, म्हणजे प्रति किलोवॅट-तास जवळपास ४३५ ग्रॅम पेट्रोल लागते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून पेट्रोल इंजिन थंड असतानाच भरायचे आणि जवळ कोणतेही विद्युत बटण खाली बसवायचे नाही, हा आमचा नियम आहे. धूर पाइपने खिडकीबाहेर जातो. दोर ड्रमला अडकला तर वजने वर उसळतात, म्हणून त्यांना खालून साखळी बांधतो. ठिणगी तोडणारा लाल स्विच मात्र बेंचवर न ठेवता वाचन घेणाऱ्याच्या हाताशी असतो. ड्रमच्या आतल्या खोबणीत पाणी सोडल्याशिवाय भार चढवू देत नाही. २ किलोवॅटला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर पाणी नुसते वाफ होऊन जाते.

एवढे करूनही दोर तापला की घर्षण बदलते आणि बॅलन्सचा काटा थरथरतो. त्यामुळे ५ किलोवॅटच्या वरच्या इंजिनासाठी आम्ही रोप ब्रेक बनवून देत नाही.