गोठा अपडेट: फॉगर काढले, गौरीचा श्वास उतरला

मंडळी, उकाड्यात धापा टाकणाऱ्या गाईला थंड कसं ठेवायचं, या एप्रिलपासून डोकं खात असलेल्या प्रश्नाचं उत्तर अखेर सापडलं. गौरी (आपली एचएफ क्रॉस) काल भर दुपारी बसून रवंथ करत होती. पत्र्यावर झावळ्या टाकल्या, कडेची जाळी उघडली, हे मागे लिहिलंच आहे. त्यानंतर बसवलेल्या, धुक्यासारखं पाणी फवारणाऱ्या फॉगरचं काय झालं, ते आज सविस्तर सांगतो.

विक्रेत्याने "गोठा दहा डिग्रीने थंड होईल" असं सांगितलं होतं. सोलापूरकडे ते खरंही ठरेल. तिथे ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली, तर पाण्याच्या वाफेने हवा तत्त्वतः २२ अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. आपल्या गोव्यातल्या सत्तरीत मे महिन्यात ३४ अंश आणि ६५ टक्के असतं. इथली मर्यादा २८ अंशांवरच येऊन थांबते, आणि प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही.

फॉगर अर्धा तास चालवून मोजलं. तापमान ३४ वरून ३१.५ वर आलं, पण आर्द्रता ६४ वरून ८१ वर चढली. आता टीएचआय, म्हणजे तापमान आणि आर्द्रता मिळून गाईला होणाऱ्या त्रासाचा आकडा, काढून बघा, आर्द्रता दशांशात घ्यायची:

```
THI = 0.8*T + RH*(T - 14.4) + 46.4
```

आधी ८६, नंतर ८५.५. म्हणजे थर्मामीटर खूश, गाय तशीच. गौरीचा श्वास मिनिटाला ८४ होता, तो ८८ झाला. (बरगडीमागची खळगी किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. साठच्या वर गेलं की त्रास सुरू झाला असं धरायचं.)

खरी गोम तिच्या पाठीवर सापडली. केसांच्या टोकांवर दवासारखे बारीक थेंब चमकत होते. बोटांनी केस बाजूला केले तर खाली कातडी कोरडी आणि गरम. थेंब कातडीपर्यंत पोचतच नव्हते. उलट घाम सुकायला जी थोडी कोरडी हवा उरली होती, तीही धुक्याने भरून गेली.

म्हणून हवेचा नाद सोडून सरळ गाय भिजवायची ठरवली. फॉगरचे नोझल काढून त्याच लाइनवर बागेतले मोठ्या थेंबांचे स्प्रिंकलर लावले. एक मिनिट पाणी, मग पाणी बंद आणि पाच मिनिटं नुसता पंखा, असे फेरे पाऊण तास. पंखा मागून, पाठीवर थेट वारा लागेल असा. घरगुती टेबलफॅन इथे कुचकामी आहे, पोल्ट्रीचा मोठा पंखाच घ्या. पाऊण तासाने श्वास ५८ वर, गुदद्वारातलं तापमान ३९.८ वरून ३९.१ वर. हा आकडा वहीत लिहिताना झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही!

एक जपायचं: पाणी पोटावरून ओघळून कासेपर्यंत जाता कामा नये. ओल्या आचळांवरून घाण पाणी निथळलं की कासदाहाला आमंत्रण. पोटाखालून थेंब पडायला लागले की मिनिट पुरं व्हायच्या आधीच कॉक बंद करतो. धार काढायच्या आधी पुरेसा वेळ पंखा चालू ठेवून कास कोरडी होऊ देतो.

पाण्याचं थोडक्यात. छपरावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं, ते गाय तोंडही लावत नाही. टाकी आंब्याखाली हलवली, आणि धार काढून झाल्या झाल्या भरलेली बादली समोर असते, कारण सगळ्यात जास्त ती तेव्हाच पिते.

फॅट अजून खालीच आहे. धापा टाकताना लाळ गळून जाते, तिच्यातला सोडा पोटात पोचत नाही आणि कोठीपोटात आम्लता वाढते. पेंडीत रोज ५० ग्रॅम खायचा सोडा सुरू केलाय, फरक दिसायला थोडे दिवस द्यावे लागतील. सकाळी दहाची वैरण बंद केली. चारा पचतानाची उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी वाढते, म्हणजे नेमकी भर दुपारी. आता नेपियरचा मोठा वाटा रात्री नऊला.

आता पुढचा बेत स्प्रिंकलरला टायमर लावायचा होता. पण हे लिहिता लिहिताच रात्रीचे आकडे पाहिले: २७ अंश, ८८ टक्के, टीएचआय ७९. म्हणजे गाईला ताण सुरू होतो त्या ७२ च्या खाली टीएचआय रात्रीसुद्धा येत नाही, दिवसभराची उष्णता अंगातून जायला वावच मिळत नाही. तेव्हा टायमर नंतर. आधी पंख्यासाठी इन्व्हर्टर, कारण आमच्याकडे वीज नेमकी संध्याकाळीच जाते. आणि वैरण टाकायच्या आधी साडेआठला भिजवण्याचा आणखी एक फेरा. पेडणे-डिचोलीकडे कुणी रात्री भिजवत असेल, तर पहाटेचा श्वास मोजून कळवा.