दोन काळ्या रेघांचं निळं पुस्तक

ऑगस्ट २०२२. बर्लिनहून लिस्बन आणि तिथून डब्लिन, असा मी आणि माझा मित्र प्रवासाला निघालो होतो. तो मूळचा हलबचा, सीरियातला. जर्मनीने त्याला निर्वासित म्हणून आश्रय दिला आहे. त्याच्याकडे पासपोर्ट नाही. आहे ते निळ्या रंगाचं प्रवासपत्र, वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या काळ्या रेघा असलेलं.

ऑनलाइन चेक-इनमध्येच तो अडकला. राष्ट्रीयत्वाच्या यादीत त्याला लागू पडेल असं काही नव्हतंच. प्रवासपत्राच्या खालच्या, मशीन वाचतं त्या ओळीत राष्ट्रीयत्वाच्या जागी XXB असतं, म्हणजे १९५१च्या करारानुसार निर्वासित. कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्या माणसाला XXA. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पासपोर्ट कुठाय?" त्याने शांतपणे प्रवासपत्र आणि जर्मन रहिवासाचं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. ही दोन्ही वैध असली की युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं. नुसत्या प्रवासपत्रावर भागत नाही, म्हणून तो कार्डाची मुदत सारखी तपासत असतो. तिने कुणाला तरी फोन केला आणि वीस मिनिटांनी बोर्डिंग पास मिळाला.

हे पुस्तक दुसरे देश मानतात, त्यामागे एक हमी असते: ते वैध असेपर्यंत देणारा देश त्या माणसाला परत घेतो. पण परदेशात काही झालं तर जर्मन दूतावासाकडून संरक्षण मागायचा हक्क त्यातून मिळत नाही. आणि व्हिसा द्यायचा की नाही, हे समोरचा देश ठरवतो.

डब्लिनची तिकिटं आम्ही जूनमध्ये काढली. माझ्या भारतीय पासपोर्टवर मी व्हिसा घेतला होता. त्याला लागणार नव्हता. १९५९च्या युरोपीय करारामुळे असं प्रवासपत्र असलेल्यांना छोट्या भेटीसाठी आयर्लंडचा व्हिसा माफ होता. १९ जुलैला दुपारी बारापासून आयर्लंडने ती सवलत स्थगित केली. ब्रिटनने तर २००३मध्येच केली होती. नव्याने अर्ज करून वेळेत व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं. पुस्तक तेच, माणूस तोच, तरी महिन्याभरात दार बंद. मला याचा अजून राग येतो.

लिस्बनमध्ये शेवटच्या संध्याकाळी त्याने मला पुस्तकातलं एक वाक्य दाखवलं: सीरिया वगळून सर्व देशांसाठी वैध. त्याची आई हलबलाच आहे. तो कसाबसा तिथे पोचलाच, तर ज्या देशाची भीती म्हणून आश्रय मिळाला तिथे तू गेलासच कसा, असा प्रश्न जर्मनीत उभा राहतो आणि निर्वासिताचा दर्जाच धोक्यात येतो.

"फोनवर ती विचारते, सगळीकडे फिरतोस, मग इकडे का येत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बर्लिनच्या गेटकडे वळला आणि मी डब्लिनच्या.