तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मोजे काढा

"डॉक्टर, बाबांची अँजिओग्राफी होऊन महिना झाला, आता क्रिएटिनिन साडेतीनवर गेलंय. त्या डायनेच किडनी खराब केली ना?"

कदाचित नाही. आणि मी असं का म्हणतोय ते कळायला दोनच गोष्टी बघाव्या लागतात, रिपोर्टवरच्या तारखा आणि पेशंटच्या पायाची बोटं.

अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जो डाय टोचतात, त्यामुळे किडनीला मार बसला तर तो लगेच दिसतो. 24 ते 48 तासांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, चढायला लागतं, तीन ते पाच दिवसांत सगळ्यात वर जातं आणि बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत पहिल्या आकड्याच्या आसपास परत येतं, कारण डाय किडनीतल्या नळ्यांच्या पेशींना त्रास देतो आणि त्या पेशी पुन्हा भरून येतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी ठीक असलेलं क्रिएटिनिन जर तिसऱ्या आठवड्यात चढायला लागलं असेल तर डायवर बोट ठेवणं अवघड आहे, डाय तोपर्यंत शरीरातून कधीच निघून गेलेला असतो.

मागे एक काका आले होते, वय 67, एसटीतून रिटायर झालेले, बीपी पंधरा वर्षांचं, बिडी चार वर्षांपूर्वी सोडलेली. जांघेतून अँजिओग्राफी झाली, त्याच वेळी एक स्टेंटही टाकला. मुलाने रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणले होते, ते मी टेबलावर तारखेप्रमाणे लावले. आधीचं क्रिएटिनिन 1.2, दुसऱ्या दिवशी 1.3, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. अठराव्या दिवशी 2.0 आणि तिसाव्या दिवशी 3.6. मधे बाराव्या दिवसापासून पायाची बोटं रात्री ठणकायची, त्यावर कोणीतरी युरिक ॲसिडची गोळी दिली होती.

मी म्हटलं मोजे काढा. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळपट जांभळं, डाव्या अंगठ्याच्या टोकाला तसाच डाग, आणि गंमत म्हणजे दोन्ही पावलांवरची नाडी माझ्या बोटाला टणाटण लागत होती. हे लक्षात ठेवा, कारण मोठी रक्तवाहिनी बंद पडून बोट काळं होतं तेव्हा नाडी लागत नाही, इथे नाडी चांगली आणि बोटं मात्र जांभळी, म्हणजे अडथळा अगदी शेवटच्या बारीक वाहिन्यांमध्ये आहे. मग त्यांना पाच मिनिटं उभं केलं आणि तळपाय, मांड्या बघितल्या. मांडीवर जाळीसारखी निळसर नक्षी उमटली, झोपल्यावर ती जवळजवळ दिसत नव्हती. आपल्या सावळ्या कातडीवर ही जाळी पटकन दिसत नाही, पुस्तकातले फोटो गोऱ्या पायांचे असतात, म्हणून मी तळपाय आणि बोटांच्या खालची बाजू चांगल्या उजेडात बघतो.

झालं काय होतं ते सांगतो. वय, बीपी आणि बिडीमुळे महाधमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे थर साचलेले असतात. जांघेतून वर जाणारी कॅथेटरची बारीक नळी त्यांना घासत जाते, एखादा थर फाटतो आणि आतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक रक्तात सुटतात. रक्त वाहतंय खालच्या बाजूला, तर ते किडनीत, आतड्यात आणि पायाच्या बोटांत जाऊन अडकतात, साधारण 150 ते 200 मायक्रॉनच्या वाहिन्यांमध्ये, म्हणजे केसाच्या जाडीच्या दुप्पट वगैरे. स्फटिक सुईसारखे टोकेरी असल्यामुळे वाहिनी बूच मारल्यासारखी एकदम बंद होत नाही. शरीर त्यांना काटा घुसल्यासारखं वागवतं, भोवती सूज येते, पेशी गोळा होतात, वाहिनीचं अस्तर जाड होत जातं आणि ती हळूहळू बुजते, त्यात फाटलेला थर पुढेही अधूनमधून स्फटिक सोडतच राहतो. म्हणून क्रिएटिनिन एका उडीत न चढता आठवड्या-आठवड्याने पायऱ्या चढल्यासारखं चढतं. ही किडनीची एथेरोएम्बोलिक डिसीज.

ह्या सुजेचीच खूण सीबीसीत दिसू शकते. इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींचीच एक जात, काकांचे ते आधी 3 टक्के होते, अठराव्या दिवशी 11. टक्क्यांवर जाऊ नका, गुणाकार करा: पांढऱ्या पेशी 10,400, त्याचे 11 टक्के म्हणजे 1,144, आणि 500 च्या वर गेलं की जास्त धरतात. पण आपल्याकडे इओसिनोफिल वाढले की जंताची गोळी ठरलेली, काकांनाही मिळाली होती! आणि दरवेळी ते चूकच असतं असंही नाही, जंत, दमा, औषधाची रिॲक्शन सगळ्यात वाढतात. ॲसिडिटीच्या गोळीनेही किडनीला सूज येऊन क्रिएटिनिन आणि इओसिनोफिल दोन्ही वाढू शकतात, म्हणून गोळ्यांची यादी मी नीट वाचतो. मुळात अँजिओग्राफीआधीचा सीबीसी हातात असेल तरच ह्या आकड्याला खरा अर्थ येतो. शिवाय वाढ थोडे दिवस टिकते, उशिरा तपासलं तर नॉर्मल येतं, तेवढ्यावरून हा आजार नाही असं म्हणता येत नाही.

लघवीत फारसं काही नव्हतं, थोडं प्रोटीन. पक्कं निदान बायोप्सीने होतं, तिथेही स्फटिक दिसत नाहीत बरं का, स्लाइड बनवताना कोलेस्टेरॉल विरघळून जातं आणि त्याची सुईच्या आकाराची रिकामी फट तेवढी उरते. आम्ही बायोप्सी केली नाही. स्टेंट नवीन, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, त्या थांबवून किडनीत सुई घालण्याएवढा प्रश्न उरलाच नव्हता.

निदान वेगळं ठरलं की पुढचं सगळं बदलतं. डायचा मार असेल तर पाणी सांभाळून वाट बघायची. इथे पुन्हा कॅथेटर शक्यतो घालायची नाही, हेपरिन-वॉरफरिनसारखं गुठळी रोखणारं औषध चालू असेल तर ते खरंच हवं का हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायचं (स्टेंटच्या गोळ्या मात्र कृपा करून स्वतःहून बंद करू नका, स्टेंट बुजेल), कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन द्यायचं, बीपी ताब्यात ठेवायचं आणि पाय जपायचे. अडकलेले स्फटिक विरघळवणारं औषध नाही. स्टेरॉइड काही जण देतात, पण त्याने नक्की फायदा होतो असं ठामपणे दाखवलेलं नाही, मी काकांना दिलं नाही.

त्यांचं क्रिएटिनिन 5.1 पर्यंत गेलं, डायलिसिसची तयारी केली, लागलं नाही, सहा महिन्यांनी 2.8 वर येऊन थांबलं, 1.2 काही परत दिसलं नाही. करंगळीचं टोक वाळून गळून पडलं. काही जणांना डायलिसिस लागतं, त्यातल्या थोड्यांचं काही महिन्यांनी सुटतंही, पण तसं वचन मी कोणाला देत नाही.

मुलाने शेवटी विचारलं, परत अँजिओग्राफी लागली तर? मी म्हटलं अगदीच लागली तर मनगटातून, म्हणजे पोटातली महाधमनी टळते, वरची कमान मात्र टळत नाही. फाईलवर कोणीतरी लाल पेनने 'डायची ॲलर्जी' असं लिहून ठेवलं होतं. ते मी खोडलं, उद्या पोटाच्या सीटीची गरज पडली तर त्या दोन शब्दांपायी कोणी अडून बसायला नको. त्याखाली लिहिलं: 'क्रिएटिनिन 2.8, डाय जपून. जांघेतून कॅथेटर नको.'